लॅपटॉपच्या बॅटरीचा टक्का आणि बॅटरीतली खरी शिल्लक

लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा बॅटरीचा टक्का हा मोजलेला आकडा नसून काढलेला अंदाज असतो. लिथियम-आयन सेलमध्ये किती चार्ज उरला आहे हे थेट मोजण्याचे साधन कोणत्याही लॅपटॉपमध्ये नाही. म्हणून ४० टक्क्यांवरून एकदम ७ वर येणारा आकडा, किंवा तासाभरात निम्म्यावर घसरणारा आकडा, याची दोन वेगवेगळी कारणे असू शकतात. एक तर अंदाज चुकलेला असतो आणि सेल बऱ्यापैकी शाबूत असतात, किंवा सेलच झिजलेले असतात. पहिल्या दोषावर कॅलिब्रेशनचा उपाय चालतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. दुसऱ्यावर बॅटरी बदलण्यावाचून इलाज नसतो. वरवर पाहता दोन्हींची लक्षणे इतकी सारखी असतात की चांगली बॅटरी फेकली जाते आणि संपलेली बॅटरी पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट केली जाते. प्रत्यक्षात दोन्हींतला फरक घरच्या घरी, एका संध्याकाळच्या निरीक्षणातून ओळखता येतो.

हा अंदाज बांधणारी चिप लॅपटॉपच्या मदरबोर्डवर नसते, ती बॅटरी पॅकच्या आतच सेलच्या शेजारी बसवलेली असते. ही पद्धत १९९०च्या दशकात ड्युरासेल आणि इंटेल या कंपन्यांनी मिळून आखलेल्या स्मार्ट बॅटरीच्या मानकातून रूढ झाली. बॅटरीने स्वतःचा हिशेब स्वतः ठेवायचा आणि लॅपटॉपने विचारले की सांगायचा, अशी ती रचना आहे. विंडोज तो आकडा विचारून घेते आणि दाखवते. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकणे, ड्रायव्हर काढून परत घालणे असे उपाय या तक्रारीवर सर्रास सुचवले जात असले, तरी पॅकमधल्या चिपच्या हिशेबावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

चिपचा हिशेब दोन मार्गांनी चालतो. बॅटरीतून जाणारा-येणारा प्रवाह अवघ्या काही मिलिओम रोधाच्या एका रोधकातून जातो. त्यावर पडणारा सूक्ष्म व्होल्टेज मोजून किती विद्युतभार बाहेर गेला आणि किती आत आला याची बेरीज-वजाबाकी चिप सतत करते. किराणा दुकानात जमा-खर्चाच्या नोंदींवरून मालाची शिल्लक काढावी तसा हा प्रकार आहे. नोंदी प्रामाणिक असल्या तरी वहीतली शिल्लक आणि गोदामातली शिल्लक हळूहळू वेगळी पडत जाते. लॅपटॉप झोपेत असताना जाणारा अगदी बारीक प्रवाह आणि सेलमध्ये आपोआप होणारी गळती वहीत नीट चढत नाही. रोजची चूक क्षुल्लक असते, पण ती साठत जाते.

ती दुरुस्त करण्यासाठी दुसरा मार्ग असतो, तो म्हणजे व्होल्टेज. भार नसताना, काही तास विश्रांती मिळालेल्या सेलचा व्होल्टेज त्याच्या चार्जशी निगडित असतो. नेहमीचा सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो, नव्या प्रकारचे काही सेल ४.४ पर्यंत जातात. रिकामा होताना तो ३ व्होल्टच्या आसपास येतो. पण हा उतार सारखा नसतो, आणि अडचण तिथेच आहे. साधारण ७० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंतच्या लांबलचक पट्ट्यात प्रत्येक सेलचा व्होल्टेज जेमतेम दोन दशांशांनी उतरतो. शेवटच्या दहा टक्क्यांत मात्र तो कडेलोट झाल्यासारखा कोसळतो. मधल्या सपाट पट्ट्यात व्होल्टेजवरून टक्का ओळखू गेले तर थोड्याशा चुकीने दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडतो. खात्रीच्या खुणा दोन टोकांनाच मिळतात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि जवळपास रिकाम्या अवस्थेत.

यावरून कॅलिब्रेशन म्हणजे नेमके काय ते स्पष्ट होते. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत बॅटरी एका दमात उतरवली की मधे किती ऊर्जा बाहेर पडली हे चिपला कळते. तो आकडा ती पूर्ण-चार्ज क्षमता म्हणून लिहून ठेवते आणि पुढचे सगळे टक्के त्याच्या हिशेबाने काढते. ज्या लॅपटॉपला वर्षभर चार्जर लावलेलाच असतो, किंवा जो रोज ९० वरून ६० पर्यंत उतरून पुन्हा चार्जला लागतो, त्याच्या चिपला खालचे टोक कधी दिसतच नाही. वर्षा-दीड वर्षात तिचा आकडा भरकटतो. हा भरकटलेला आकडा खऱ्या क्षमतेपेक्षा जास्त असू शकतो आणि कमीही. दोन्ही प्रकारांत वापरणाऱ्याच्या वाट्याला येणारा अनुभव वेगळा असतो, हे पुढच्या उदाहरणांत दिसेल.

सेल झिजण्याची प्रक्रिया मुख्यतः रासायनिक आहे. ऋण अग्रावर पहिल्या चार्जपासूनच एक पातळ थर तयार होतो आणि तो आयुष्यभर हळूहळू जाड होत राहतो. त्यात लिथियम अडकून पडते, म्हणून साठवणक्षमता घटते. शिवाय आयनांची वाट अवघड होते, म्हणून सेलचा अंतर्गत रोध वाढतो. उष्णता आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणे या दोन गोष्टी ही झीज सर्वांत वेगाने करतात. क्षमता घटल्याचा परिणाम सरळ असतो, बॅकअप कमी मिळतो. रोध वाढल्याचा परिणाम मात्र फसवा असतो. जास्त प्रवाह ओढला की वाढलेल्या रोधामुळे व्होल्टेज खाली दबतो आणि सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाही तो बंद पडण्याच्या मर्यादेला टेकतो. ब्राउझरमध्ये वाचताना ३५ टक्के दाखवणारा लॅपटॉप व्हिडिओ कॉल सुरू करताच विझतो, तो यामुळे. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून हा त्रास हिवाळ्याच्या पहाटे जास्त जाणवतो. त्यात बहुतेक लॅपटॉपमध्ये तीन किंवा चार सेल, किंवा सेलच्या जोड्या, एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतला एक जरी बाकीच्यांपेक्षा लवकर झिजला, तरी त्याचा व्होल्टेज संपताच संरक्षक सर्किट सगळा पॅक तोडते. बाकीच्या दोघांत उरलेला चार्ज मग काही कामाचा राहत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी एक शंका फेडून घ्यावी लागते. टक्का भराभर उतरतो याचा अर्थ बॅटरीत दोष आहे असा होत नाही, लॅपटॉपच जास्त वीज खात असेल. ४२ वॉट-तासांची नवी कोरी बॅटरी ८ वॉट खाणाऱ्या लॅपटॉपवर पाच तास चालते आणि २५ वॉट खाणाऱ्यावर दीड तासाच्या थोडी पुढे. पडद्याचा उजेड, पार्श्वभूमीत अडकलेला एखादा प्रोग्रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड यांनी हा फरक सहज पडतो. विंडोजमध्ये `BatteryInfoView` सारख्या मोफत प्रोग्रॅममधून या क्षणी किती वॉट खर्च होत आहेत ते दिसते. साध्या कामात तो आकडा १५ च्या वर असेल तर आधी टास्क मॅनेजर उघडून खाणारा प्रोग्रॅम शोधावा. खर्च माफक असूनही टक्का धावत असेल, तरच संशय बॅटरीवर जातो. आणि उतार सावकाश असून मधेच उडी पडत असेल, तर खर्चाचा प्रश्न निघतच नाही, कारण चालू असलेला कोणताही प्रोग्रॅम एका मिनिटात तीस टक्के खाऊ शकत नाही.

विंडोजमध्ये बॅटरीचा स्वतःचा जबाब घेण्याची सोय आधीपासूनच दिलेली असते. कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची ओळ टाइप करावी.

```
powercfg /batteryreport
```

`battery-report.html` नावाची फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच सांगितले जाते. ब्राउझरमध्ये ती उघडली की वरच्या भागात `DESIGN CAPACITY` म्हणजे कारखान्यातून निघतानाची मूळ क्षमता, `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे चिपच्या समजुतीप्रमाणे आजची पूर्ण-चार्ज क्षमता, आणि बहुतेक लॅपटॉपवर `CYCLE COUNT` म्हणजे पूर्ण झालेल्या चार्ज-फेऱ्या दिसतात. पहिले दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात, म्हणजे ४२,००० म्हणजे ४२ वॉट-तास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की बॅटरीचे आरोग्य म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो टक्का मिळतो. लिनक्सवर हीच माहिती पुढच्या कमांडने मिळते. काही लॅपटॉपवर शेवटी शून्याऐवजी एक असतो.

```
upower -i /org/freedesktop/UPower/devices/battery_BAT0
```

इथवर बहुतेकांना माहीत असते, आणि घोळही इथेच होतो. आरोग्याचा हा टक्कासुद्धा त्याच चिपने सांगितलेला असतो. चिप भरकटलेली असेल तर आरोग्यही चुकीचेच येते. अहवालात ९० टक्के आरोग्य दिसले म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही आणि ४६ दिसले म्हणून वाईट. आकड्याला बाहेरचा साक्षीदार लागतो, आणि तो म्हणजे घड्याळ. एकसारख्या, माहीत असलेल्या खर्चावर बॅटरी पूर्ण भरल्यापासून खरोखर रिकामी होईपर्यंत किती वेळ चालली, ही एकच गोष्ट अशी आहे की जिथे चिपच्या समजुतीला जागा नाही.

एकाच मॉडेलचे, ४२ वॉट-तासांच्या बॅटरीचे दोन लॅपटॉप घेऊन हे पाहता येईल. दोन्ही तीन वर्षांचे आहेत आणि दोन्हींवर साध्या कामाला सरासरी ९.७ वॉट खर्च होतात, असे समजू.

पहिला रोज बॅगेतून कॉलेजला जातो. त्याच्या अहवालात मूळ क्षमता ४२,०००, पूर्ण-चार्ज क्षमता ३७,८०० आणि फेऱ्या ४१२ आहेत. आरोग्य ९० टक्के, म्हणजे कागदावर उत्तम. तक्रार अशी की शंभरापासून चाळीसपर्यंत आकडा शहाण्यासारखा उतरतो, मग एकदम सातवर येतो आणि काही क्षणांत लॅपटॉप बंद पडतो. अहवालातल्या `Recent usage` या तक्त्यात वेळेनुसार शिल्लक लिहिलेली असते. त्यावरून चार्जर काढल्यापासून उडी पडेपर्यंत दोन तास वीस मिनिटे गेली असे दिसते. ९.७ वॉटने एवढ्या वेळात साधारण २२,६०० मिलिवॉट-तास खर्च होतात. ३७,८०० चे साठ टक्के काढले तरी जवळपास तोच आकडा येतो, म्हणजे चिपने खर्च बरोबर मोजला आहे. चुकला आहे तो साठ्याचा आकडा. चिपला वाटते अजून चाळीस टक्के, म्हणजे १५,००० मिलिवॉट-तास शिल्लक आहेत, पण व्होल्टेज कोसळलेला असल्याने सेल रिकामे झाल्याचे तिच्या लक्षात येते आणि ती घाईने आकडा खाली ओढते. तीच ती उडी. हा हिशेब करताना उडीच्या आधीपर्यंतचाच खर्च धरायला हवा, कारण उडीत गेलेले टक्के अहवाल खर्चातच मांडतो आणि ती ऊर्जा मुळात बाहेर पडलेलीच नसते.

या लॅपटॉपचे कॅलिब्रेशन केल्यावर पूर्ण-चार्ज क्षमता २४,१५० दिसू लागते, म्हणजे मूळच्या ५७ टक्के. आता आकडा शंभरावरून पाचपर्यंत सरळ उतरतो, मधे उडी पडत नाही. बॅकअप मात्र पूर्वीइतकाच, दोन तास वीस-बावीस मिनिटे मिळतो. कॅलिब्रेशनने अंदाज सुधारला, सेल सुधारले नाहीत. झीज आधीच झालेली होती, फुगलेल्या आकड्याने ती झाकली होती इतकेच. तरीही हे कॅलिब्रेशन वाया गेले असे म्हणता येत नाही. काम सुरू असताना अचानक विझणारा लॅपटॉप आणि दोन तास चालून वेळेवर इशारा देणारा लॅपटॉप यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दोन तास पुरत असतील तर बॅटरी बदलणे काही महिने पुढे ढकलता येते.

दुसरा लॅपटॉप एका कार्यालयात टेबलावर असतो आणि चार्जर त्याला कायम लावलेला. त्याच्या फेऱ्या अवघ्या ३८, पण पूर्ण-चार्ज क्षमता १९,३०० म्हणजे आरोग्य ४६ टक्के. चार्जर काढला की एक तास पन्नास मिनिटांत तो सात टक्क्यांवर येतो आणि पाचावर विंडोज त्याला झोपवते. अहवाल पाहून कोणीही बॅटरी बदला म्हणेल. पण पाच टक्के दिसत असताना `BatteryInfoView` मध्ये व्होल्टेज पाहिला तर तो ११.२ निघतो. तीन सेल एकापुढे एक आहेत, म्हणजे प्रत्येकी ३.७३ व्होल्ट. हलक्या भारावर खरोखर पाच टक्क्यांवर आलेल्या सेलचा व्होल्टेज ३.५ च्या खाली असायला हवा. ३.७३ हा मधल्या सपाट पट्ट्यातला आकडा आहे.

खात्री करण्यासाठी चार्जर न लावता लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर तसाच सोडून द्यावा. तिथे विंडोज नसते, त्यामुळे पाच टक्क्यांना झोपवणारे कोणी नसते. हा लॅपटॉप तिथे आणखी दीड तास चालतो. शून्य टक्क्यांवर दीड तास चालणे हा अंदाज चुकल्याचा निखळ पुरावा आहे. कॅलिब्रेशननंतर याची पूर्ण-चार्ज क्षमता ३६,४०० होते आणि विंडोजमध्ये बॅकअप साडेतीन तासांवर जातो. इथे नवी बॅटरी घेतली असती तर काही हजार रुपये आणि एक धडधाकट पॅक असे दुहेरी नुकसान झाले असते.

घड्याळाइतकीच बोलकी अशी आणखी एक खूण त्याच अहवालात खाली `Battery capacity history` या तक्त्यात असते. तिथे आठवड्यागणिक पूर्ण-चार्ज क्षमता नोंदलेली असते. खऱ्या झिजेचा उतार मंद आणि सलग असतो, महिन्याला अर्धा-एक टक्का. रासायनिक थर एका रात्रीत जाड होत नाही. म्हणून कित्येक महिने एकाच आकड्यावर थिजलेली क्षमता दिसली, किंवा एका आठवड्यात ती एकदम तीस टक्क्यांनी घसरली, तर तो सेलचा नव्हे, चिपच्या समजुतीचा इतिहास आहे. थिजलेला आकडा म्हणजे चिपने बराच काळ काही शिकलेले नाही. बाजारात मिळणाऱ्या काही हलक्या पर्यायी बॅटऱ्यांत मूळ आणि पूर्ण-चार्ज क्षमता कायम सारखीच आणि फेऱ्या शून्यच दिसतात. अशा पॅकच्या चिपचा कोणताही आकडा धरू नये, फक्त घड्याळ पाहावे.

रोध वाढला आहे का, हे वेगळे पाहावे लागते. बॅटरी साधारण ५० टक्क्यांवर असताना, चार्जर काढून, लॅपटॉप स्वस्थ असतानाचा व्होल्टेज टिपून घ्यावा. मग एखादा जड प्रोग्रॅम किंवा मोठा व्हिडिओ चालवून अर्ध्या मिनिटाने पुन्हा पाहावा. समजा स्वस्थ असताना ८ वॉट खर्च आणि ११.५ व्होल्ट होते, भाराखाली ३५ वॉट आणि १०.३ व्होल्ट झाले. प्रवाह पाऊण अँपिअरपासून सुमारे ३.४ अँपिअरपर्यंत वाढला आणि व्होल्टेज १.२ ने दबला, म्हणजे पॅकचा रोध ०.४ ओमच्या पुढे गेला. तीन सेलच्या निरोगी पॅकमध्ये एवढ्या भाराने व्होल्टेज साधारण तीन-चार दशांशच दबतो. भार काढताच व्होल्टेज उसळी मारून वर येत असेल, तर निदान पक्के. अशा लॅपटॉपला अचानक बंद पडल्यावर पाच मिनिटांनी चार्जर न लावता सुरू केले तर तो बिनतक्रार सुरू होतो आणि हलक्या कामावर पंधरा-वीस मिनिटे चालतोही. याउलट, सेल खरोखर रिकामे होऊन बंद पडलेला लॅपटॉप सुरूच होत नाही किंवा लगेच मान टाकतो. वाढलेल्या रोधावर कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही. पडद्याचा उजेड कमी ठेवून, बॅटरी सेव्हर लावून भार मर्यादेत ठेवला तर थोडे दिवस निभावते.

कॅलिब्रेशनची कृती सोपी आहे, पण घाईने केली तर चिप काहीच शिकत नाही. लेनोवोच्या थिंकपॅडवर `Vantage` प्रोग्रॅममध्ये आणि एचपीच्या काही लॅपटॉपवर कंपनीच्या तपासणी प्रोग्रॅममध्ये ही सोय तयार मिळते, असेल तर तीच वापरावी. हाताने करायचे झाल्यास आधी चार्ज ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवणारी सेटिंग बंद करावी. ही एक पायरी विसरल्याने निम्मी कॅलिब्रेशन फुकट जातात, कारण बॅटरी वरच्या टोकाला पोचतच नाही. मग शंभरापर्यंत चार्ज करून आणखी दोन तास चार्जर तसाच लावून ठेवावा, म्हणजे सेल निवतात आणि स्थिरावतात. उघड्या फाइल सेव्ह करून बंद कराव्यात, झोपेची सेटिंग काढून टाकावी आणि चार्जर काढून मध्यम उजेडात एखादा लांब व्हिडिओ लावून ठेवावा. खर्च एकसारखा राहील तितके चांगले. विंडोजने झोपवल्यावर बायोसच्या पडद्यावर उरलेला चार्ज संपू द्यावा. लॅपटॉप आपोआप बंद पडला की तीन ते पाच तास हात लावू नये. या विश्रांतीतच चिप खालच्या टोकाचा स्थिर व्होल्टेज वाचते, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. शेवटी लॅपटॉप बंदच ठेवून एका दमात शंभरापर्यंत चार्ज करावा आणि नवा अहवाल काढावा. काही चिप एका फेरीत आकडा ठराविक मर्यादेपलीकडे बदलत नाहीत, त्यामुळे क्षमता बदलली पण अर्धवट बदलली असे वाटले तर आणखी एक फेरी करावी. तिसरीची गरज सहसा पडत नाही. दोन फेऱ्यांनंतरही उडी तिथेच असेल, तर एखादा सेल बाकीच्यांपासून फुटून पडला आहे असे समजावे.

दर महिन्याला असे करण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन सेलला पूर्ण उतरवल्याने फायदा होत नाही, उलट थोडी झीजच होते. आकडा भरकटल्याची लक्षणे दिसली तरच कॅलिब्रेशन करावे, आणि ते झाले की ८० टक्क्यांची मर्यादा पुन्हा लावावी. ॲपलच्या आतच बसवलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपना हे हाताने करावे लागत नाही. तिथे `System Information` मधल्या `Power` या भागात फेऱ्या आणि स्थिती पाहावी. `Condition` समोर `Service Recommended` आले तर प्रश्न झिजेचा आहे. आजच्या मॅकबुकची बॅटरी १,००० फेऱ्यांपर्यंत मूळच्या ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते.

एका अवस्थेत मात्र यातले काहीच करू नये. टचपॅड वर उचलला गेला असेल, त्याचे क्लिक घट्ट झाले असेल, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर आत बॅटरी फुगली असण्याचा दाट संभव असतो. सेलमध्ये वायू साठल्याचे ते लक्षण आहे. अशी बॅटरी पूर्ण उतरवणे आणि पूर्ण चार्ज करणे, दोन्ही धोक्याचे. टक्का कितीही चांगला दिसत असला तरी चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि पॅक दाबून सपाट करण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न न करता तो कारागिराकडून काढून घ्यावा. जुना पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे तो देता येतो.

नवा पॅक घेताना लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावापेक्षा जुन्या पॅकवर छापलेला पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॉट-तास जुळवून पाहावेत, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळे पॅक वापरतात. उत्पादनाची तारीखही पाहावी. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेल्या बॅटरीचे सेल न वापरताही झिजलेले असतात. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पूर्ण चार्ज ते पूर्ण रिकामी अशी फेरी घड्याळ लावून करावी आणि मिळालेला वेळ सरासरी वॉटने गुणावा. उत्तर पॅकवर छापलेल्या वॉट-तासांच्या नव्वद टक्क्यांहून बरेच कमी आले, तर वॉरंटीची मुदत संपण्याआधी पॅक दुकानदाराला परत करता येतो.